क्रिकेटचा पांढरा, टेनिसचा पांढरा

गेल्या जूनमध्ये नौपाड्यातल्या माझ्या दुकानात एक ताई आल्या. पिशवीत साडेतीन मीटर कापड होतं, ट्विल विणीचं, मऊ, दुधावरच्या सायीच्या रंगाचं. "मास्तर, यात धाकट्याच्या क्रिकेटच्या दोन पँटी काढा आणि मोठीला टेनिसचा स्कर्ट. दोघांनाही पांढरंच लागतं."

पन्हा मोठा होता, कापड पुरलं असतं. पँटी घेतल्या, स्कर्टला नाही म्हटलं. मुलगी ज्या क्लबात खेळते तिथल्या दुहेरी स्पर्धेचं पत्रक ताईंच्या मोबाइलवर होतं. आयोजकांनी विम्बल्डनचा पोशाखाचा नियमच त्यात उतरवून घेतला होता. त्या नियमात स्पष्ट म्हटलंय की पांढऱ्यात ऑफ-व्हाइट आणि क्रीम धरले जाणार नाहीत. म्हणजे भावाला मैदानात शोभून दिसणारं कापड बहिणीला कोर्टाबाहेर ठेवणारं होतं.

ताईंना हे पटेना, आणि त्यात त्यांची चूक नाही. दोन्ही खेळांचे कपडे पांढरे आहेत, पण ते पांढरे होण्याची कारणं वेगळी आहेत. ती कारणं कळली की कापड, कॉलर आणि बेतणी यांतले फरक आपोआप उलगडतात.

क्रिकेटपासून सुरुवात करतो. क्रिकेटचे कायदे लंडनचा एमसीसी हा क्लब ठरवतो, आणि त्या कायद्यांत कपड्यांचा रंग कुठेही सांगितलेला नाही. रंग ठरतो तो त्या त्या स्पर्धेच्या नियमांत. मग इतकी वर्षं पांढराच का टिकला? मुख्य कारण चेंडू. लाल चेंडू, गोलंदाजाच्या मागे सीमेवर पांढरा पडदा म्हणजे साइटस्क्रीन, पुढे पांढऱ्या बाहीतून सुटणारा हात: फलंदाजाला त्या सगळ्यात फक्त चेंडू वेगळा दिसतो. रात्रीच्या सामन्यांसाठी चेंडू पांढरा झाला, तेव्हा कपडे रंगीत आणि साइटस्क्रीन काळा करावा लागला. विश्वचषकात पांढरा चेंडू आणि रंगीत कपडे पहिल्यांदा आले ते 1992 ला. पुढे कसोटीही प्रकाशझोतात खेळायची ठरली, पण कपडे पांढरेच ठेवायचे होते, म्हणून चेंडू गुलाबी केला. 2015 साली अॅडलेडला तसा पहिला सामना झाला. कपडे आणि चेंडू अशी जोडी आहे, एक बदलला की दुसऱ्याला बदलावंच लागतं.

या जोडीला चेंडू आणि कापड यांच्यात फरक हवा असतो, शुभ्रता नको असते. लाल चेंडू सायीच्या रंगापुढेही तितकाच स्पष्ट दिसतो. म्हणून कसोटीत क्रीम आणि पांढरा दोन्ही चालत आले. क्रीम आला लोकरीतून. जुन्या पँटी लोकरीच्या फ्लॅनेलच्या असत, आणि लोकरीचा मूळ रंगच पिवळसर. क्लोरीनच्या ब्लीचने ती पांढरी होत नाही, उलट पिवळी पडते आणि धागा मरतो. फ्लॅनेलला वर बारीक लव असते, ते आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास ओलावा पिऊनही हाताला ओलं लागत नाही. इंग्लंडच्या गार हवेत ही मोठी सोय होती. आपल्याकडे खाडीवरच्या दमट हवेत फ्लॅनेल घालून दिवसभर क्षेत्ररक्षण करणं म्हणजे शिक्षाच. म्हणून इथे आधी सुती ड्रिल, मग टेरिकॉट आणि आता पॉलिस्टर आलं. कापड बदललं, पण सायीचा रंग मात्र लोकरीची आठवण म्हणून राहिला.

टेनिसचं तसं नाही. पांढरा रंग जर चेंडूसाठी असता, तर टेनिसमध्ये तो कधीच टिकला नसता, कारण विम्बल्डनला 1985 पर्यंत चेंडूही पांढराच होता. पिवळा तिथे 1986 ला आला, बाकीच्या टेनिसने तो 1972 पासूनच मान्य केला होता. पांढऱ्या कपड्यांपुढे पांढरा चेंडू शंभर वर्षं खेळला गेला. टेनिसचा पांढरा आला घामामुळे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या बंगल्यांच्या हिरवळीवर हा खेळ स्त्री-पुरुष एकत्र खेळत, आणि रंगीत कापडावर उमटणारे घामाचे ओले डाग असभ्य मानले जात. पांढऱ्यावर ते कमी दिसतात. म्हणजे इथे पांढरा हा सभ्यतेचा नियम आहे, आणि सभ्यतेचे नियम कालांतराने घट्ट होत जातात. विम्बल्डनने 1963 ला पोशाख प्रामुख्याने पांढरा हवा असं ठरवलं, 1995 ला जवळजवळ पूर्ण पांढरा हवा असं केलं, आणि 2014 ला नियम इतका तपशिलात नेला की पट्टी मोजून लावावी लागते.

या फरकाचं सगळ्यात सोपं उदाहरण म्हणजे सदऱ्याची पाठ. डिसेंबर 2023 मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारत आणि इंग्लंडच्या महिलांची कसोटी झाली. भारताने ती 347 धावांनी जिंकली. मी ती बघायला गेलो होतो, आणि माझं अर्धं लक्ष कपड्यांकडे होतं. पाठीवर नाव आणि क्रमांक होते. कसोटीत ही पद्धत 2019 च्या अॅशेसपासून सुरू झाली. चेंडू दिसण्यात त्याने काही अडत नाही, म्हणून क्रिकेटने ते स्वीकारलं. विम्बल्डनचा नियम सांगतो की सदऱ्याची, ड्रेसची, स्कर्टची पाठ पूर्णपणे पांढरी असावी. तिथे पाठीवर क्रमांक टाकता येणारच नाही.

आता ताईंचं कापड. सायीचा रंग की पांढरा हे दुकानातल्या ट्यूबलाइटखाली डोळ्यांना फसवतं. शेजारी पिवळं कापड ठेवलं की साय पांढरी दिसते आणि शेजारी कोरा कागद ठेवला की पिवळी. म्हणून मी नोटा तपासायचा जांभळा दिवा वापरतो. बाजारातल्या शुभ्र कापडात टिनोपालच्या जातीचं द्रव्य असतं, ते न दिसणारे अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतं. त्या दिव्याखाली असं कापड निळं चमकतं. ताईंचं कापड दिव्याखाली मंद राहिलं, म्हणजे त्यात ते द्रव्य नव्हतं. ते क्रीमच होतं.

इथे एक गोष्ट मी स्वतः फसून शिकलो आहे. पूर्वी एका संघाच्या अकरा क्रीम पँटी मी शिवल्या, आणि दोन महिन्यांनी त्यांतल्या काही पांढऱ्या तर काही क्रीम दिसायला लागल्या. दोष मला धुलाईचा वाटला, पण तो माझ्या निवडीचा होता. घरच्या धुण्याच्या पावडरीतही हेच चमक आणणारं द्रव्य असतं, आणि ते सुती किंवा व्हिस्कोसच्या धाग्यावर बसतं, पॉलिस्टरवर फारसं बसत नाही. मी अर्ध्या पँटींना पॉलिस्टर-व्हिस्कोस मिश्रण वापरलं होतं आणि थान संपलं म्हणून उरलेल्यांना निव्वळ पॉलिस्टर. मिश्रणाच्या पँटी प्रत्येक धुण्याला थोड्या थोड्या उजळत गेल्या. तेव्हापासून एका संघाला एकाच थानातलं कापड, आणि नाही पुरलं तर काम परत.

ताईंचं कापड पँटीसाठी किती जाड आहे हे बघायला मी दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटरचा चौकोन कापला आणि शेजारच्या सोनाराच्या काट्यावर ठेवला. भरला 2.4 ग्रॅम. याला शंभराने गुणलं की एक चौरस मीटरचं वजन मिळतं: 240 ग्रॅम. बाजारात यालाच जीएसएम म्हणतात. पँटीला हे छान. 180 च्या खाली गेलं की पांढऱ्या पँटीतून आतला खिसा आणि मांडीला बांधलेल्या थायपॅडची कड दिसायला लागते. टेनिसच्या घेरदार स्कर्टला मात्र 240 जड होतं, रंगाचा प्रश्न नसता तरी मी ते त्यासाठी कापलं नसतं.

आरपार दिसण्याचा प्रश्न दोन्ही खेळांना आहे, पण त्यावरचं उत्तर वेगवेगळं आहे. पांढरं कापड पांढरं आणि अपारदर्शक दिसतं ते धाग्यांमधल्या हवेमुळे, प्रकाश त्या फटींमध्ये विखुरतो. घाम आला की फटींत पाणी भरतं, प्रकाश सरळ आत जातो आणि आतलं दिसतं. शिंप्यांचा जुना उपाय असा की पांढऱ्याच्या आत पांढरं घालायचं नाही, कातडीच्या रंगाचं घालायचं. पांढऱ्याची कड त्वचेपुढे उठून दिसते, कातडीच्या रंगाची दिसत नाही. क्रिकेटच्या पँटीच्या खिशांना मी बिस्किटी रंगाचं अस्तर लावतो ते यासाठी. टेनिसमध्ये हाच उपाय नियमाविरुद्ध जातो. विम्बल्डनचा 2014 चा नियम म्हणतो की खेळताना दिसू शकणारे, अगदी घामामुळे दिसू शकणारेसुद्धा, आतले कपडे पांढरेच हवेत. या नियमाचा सगळ्यात जास्त त्रास पाळीच्या दिवसांत मुलींना होत होता. खेळाडूंनी ते बोलून दाखवलं, आणि 2023 पासून स्त्री खेळाडूंना स्कर्टच्या किंवा शॉर्ट्सच्या आत गडद रंगाची शॉर्ट्स घालायची मुभा मिळाली, फक्त ती बाहेरच्या कपड्यापेक्षा लांब नको. हा बदल फार आधी व्हायला हवा होता असं माझं ठाम मत आहे. ताईंच्या पत्रकात मात्र ही सवलत उतरवायची राहून गेली होती. मी त्यांना सांगितलं, आयोजकांना फोन करून ते विचारा, नियम घेतलाय तर पूर्ण घ्या म्हणावं. त्यांनी विचारलं आणि आयोजकांनी लगेच मान्य केलं.

मापं द्यायला मुलगा स्वतः आला. तो सलामीला फलंदाजी करतो आणि ऑफस्पिन टाकतो. अंगात तयार घेतलेला सैल सदरा होता, आणि आल्या आल्या त्याची तक्रार: "काका, बॉलिंग टाकली की शर्ट बाहेर येतो, म्हणून आईने एक साइज मोठा घेतला, तर आता जास्तच येतो." हे ऐकून लोकांना नवल वाटतं, पण त्याचं निरीक्षण बरोबर होतं. हात मोकळा हलावा म्हणून बगल खोल आणि सैल कापली, तर बाही आणि अंग यांचा जोड कमरेकडे खाली सरकतो. हात वर गेला की तो जोड वर ओढला जातो आणि त्याच्याबरोबर सगळा सदरा वर येतो. बगल उंच, काखेच्या अगदी जवळ कापली आणि बाही वरच्या भागात रुंद ठेवली, तर हात बाहीच्या आत हलतो आणि अंग जागेवर राहतं. त्याच्या सदऱ्याची बगलेची खोली साडेदहा इंच होती. मी नवीन सदरा नऊ इंचांवर कापला आणि मागचा घेर पुढच्यापेक्षा दोन इंच लांब ठेवला. पूर्वी हात वर केल्यावर कड चार बोटं सरकायची, आता जेमतेम दीड सरकते. दुकानात कुणीही हे तपासू शकतं: सदरा पँटीत खोचा, हात कानाला लावून सरळ वर करा, पोटापाशी किती ओढलं जातं ते बघा.

सैल सदऱ्याचा आणखी एक तोटा क्रिकेटच्या कायद्यातच आहे. क्षेत्ररक्षकाने सदरा हाताने ताणून धरला आणि त्यात चेंडू अडवला, तर समोरच्या संघाला पाच धावा मिळतात. सहज लागलेल्या चेंडूला दंड नाही, मुद्दाम ताणण्याला आहे. पण पोटापाशी फुगलेला कपडा हातात यायला वेळ लागत नाही.

टेनिसच्या सर्व्हिसमध्येही हात असाच वर जातो. तिथे हे कोडं आधी सोडवलं ते फ्रेंच टेनिसपटू रेने लाकोस्तने. त्याच्या काळात पुरुष पूर्ण बाह्यांचे, कडक खळीचे सदरे घालून खेळत आणि बाह्या वर दुमडत. त्याने 1926 च्या अमेरिकन स्पर्धेत आखूड बाह्यांचा, विणलेल्या पिके कापडाचा सदरा घातला. पिके म्हणजे बारीक खडबडीत जाळीची वीण, बाजारात काही जण तिला मॅटी म्हणतात. तिचे उंचवटे अंगाला टेकतात आणि मधून हवा फिरते. सदऱ्याची मागची बाजू लांब होती, म्हणजे वाकल्यावर पाठ उघडी पडत नव्हती. आणि कॉलर मऊ, सपाट, उन्हात उभी करता येणारी होती. आज सगळे ज्याला पोलो टी-शर्ट म्हणतात तो मुळात टेनिसचा सदरा आहे, आणि पांढऱ्या क्रिकेटच्या सदऱ्यांनीही पुढे तोच आकार घेतला.

दोन्ही कॉलर मात्र एकसारख्या नसतात. जुन्या क्रिकेट सदऱ्याची कॉलर ऑफिसच्या शर्टासारखी, खाली उभी पट्टी आणि वर पडणारं पान अशी दोन भागांची. ती मानेवर उभी राहते, म्हणून सहा तास उन्हात उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाची मान झाकते. टेनिसची कॉलर म्हणजे वेगळी विणून आणलेली एकेरी पट्टी, थेट गळ्याला जोडलेली. ती मान वळवताना आड येत नाही, पण चार धुण्यांत तिची टोकं वळायला लागतात. टोकं वळू नयेत म्हणून कॉलर गळ्याला शिवताना ओढायची नाही, तिला किंचित सैल सोडायचं, आणि आतून पाठीकडे गळपट्टी लावायची. ही गळपट्टी बऱ्याच स्वस्त सदऱ्यांत गाळलेली असते. विकत घेताना गळा उलटा करून बघा: शिवण उघडी दिसत असेल तर ती कॉलर टिकणार नाही. विम्बल्डनच्या रंगाच्या नियमात कॉलरची सक्ती नाही, पण कित्येक क्लबांत अजून आहे, आणि ताईंच्या पत्रकातही होती.

पँटीकडे येतो. मुलाच्या मांडीचा घेर वीस इंच होता. मी त्याला थायपॅड बांधायला लावला आणि परत मोजलं, साडेबावीस झालं. पॅड पँटीच्या आत असतो, म्हणून बेतणी या दुसऱ्या मापावर करायची आणि त्यावर तीन इंच सैलपणा द्यायचा. पॅड मुख्यतः पुढच्या पायाला असतो, तरी दोन्ही पाय सारखेच कापायचे, नाहीतर चालताना पँट एका बाजूला वळते. त्यानंतर त्याला बॅट घेऊन पवित्र्यात उभं केलं आणि मागची उंची तिथे मोजली. सरळ उभं राहून घेतलेल्या मापावर पँट शिवली, की वाकल्यावर मागून खाली सरकते. कमरेच्या पट्ट्याच्या आत रबराची पकड लावली, ती खोचलेला सदरा धरून ठेवते. पट्ट्याचे लूप ठेवले, पण बाजूला बकलही दिलं, कारण झेप घेताना पट्ट्याचं लोखंड पोटात रुततं.

टेनिसमध्ये हीच मेहनत खिशावर जाते. चेंडूचा व्यास 6.54 ते 6.86 सेंटिमीटरच्या दरम्यान असतो, आणि सर्व्हिस करणारा दुसरा चेंडू जवळ ठेवतो. खिसा उथळ असला आणि गुण चालू असताना चेंडू पडला, तर पहिल्यांदा गुण पुन्हा खेळतात, त्यानंतर पडला तर गुण जातो. म्हणून खिशाचं तोंड चेंडूसह मूठ जाईल इतकं, साधारण सात इंच, आणि खोली तोंडाखाली आणखी सहा इंच. स्कर्टला खिसा जड होतो, त्याऐवजी आतल्या शॉर्ट्सच्या मांडीला रुंद इलॅस्टिक लावतात आणि चेंडू त्याच्याखाली सरकवतात. मुलीच्या शॉर्ट्सना तेच केलं.

तिच्या स्कर्टसाठी ताईंनी दुसरं कापड आणलं, शुभ्र, 160 जीएसएमचं, दिव्याखाली लख्ख निळं चमकणारं. तिला बाजूने निळी पट्टी हवी होती. स्कर्टच्या बाहेरच्या शिवणीवर एकच रंगीत पट्टी चालते, एक सेंटिमीटरपेक्षा रुंद नको, आणि नक्षी असली तर तिचीही रुंदी सलग रंगासारखीच मोजतात. मी बाजारातली एक सेंटिमीटरची पट्टी घेतली नाही. ताणणाऱ्या कापडावर शिवून इस्त्री फिरवली की अशी पट्टी एखाद-दोन मिलिमीटर पसरते. सात मिलिमीटरची घेतली, शिवणीच्या पुढच्या बाजूला ठेवली म्हणजे पाठ कोरी राहील, आणि इस्त्रीनंतर मोजली. आठ भरली.

मुलाच्या पँटींसाठी मी ताईंना धुण्याबद्दल दोनच गोष्टी सांगितल्या. चेंडू घासून मांडीवर जो लाल डाग पडतो त्यात रंगाबरोबर मेण आणि तेलकटपणा असतो, तो आधी भांड्यांच्या साबणाने गार पाण्यात काढायचा, डाग असताना गरम पाणी आणि इस्त्री नाही. मैदानाची लाल माती मात्र ओली असताना चोळायची नाही, वाळू द्यायची, झटकायची, मग धुवायची. त्या मातीचा लाल रंग लोखंडाच्या गंजाचा असतो, त्यावर ब्लीचचा काही उपयोग नाही.

पाऊण मीटर क्रीम कापड उरलं. गुडघ्याला ठिगळ लागणार हे ठरलेलंच, पावसाळ्यातल्या सामन्यांत घसरून अडवणाऱ्याची पँट पहिली तिथेच जाते. म्हणून त्यातले दोन चौकोन कडा शिवून दिले आणि ताईंना म्हटलं, "हे कपाटात ठेवू नका, प्रत्येक वेळी पँटींबरोबर धुवा." कापड मिश्रणाचं आहे, धुण्यागणिक उजळत जाणार. वर्षभराने कोरा तुकडा त्या गुडघ्यावर पिवळा दिसला असता.